काजू बीचा कंटेनर: न्हावा शेवा, अंदाजे २२ जानेवारी
नमस्कार शेठ,

दार-एस-सलामहून माल निघाला. जहाज MV SAHYA STAR, फेरी 214E. कंटेनर KXZU2048164, २० फुटी, २०० गोण्या. नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर टाकलात की दिसेल, पण तिथली तारीख रोज हलते. तिच्या भरवशावर हमाल सांगू नका. कस्टम, प्लांट क्वारंटाइन आटोपून वेंगुर्ल्यात २७-२८ला. ट्रेलर सुटला की फोन करतोच.

आठ हमाल, फळ्या, वजनकाटा तयार ठेवा. तुमच्या पाणंदीत ट्रेलर वळायचा नाही, फाट्यावर टेम्पो लावा. सील तोडण्याआधी नंबर जुळवून फोटो काढा. दार उघडताना समोर कुणी नको, गोण्या अंगावर येतात. वरच्या थरातल्या ओलसर गोण्या वेगळ्या काढा. रिकामा कंटेनर त्याच दिवशी सोडा, नाहीतर डिटेन्शन लागेल.