ट्रायज नोंद : कुंभार्ली घाट, खासगी मिनीबस अपघात
१३ जुलै, पहाट. नोंद ठेवणार : १०८ वरचा वैद्यकीय अधिकारी. कुणाला आधी उपचार हे ठरवायला मोठ्यांना स्टार्ट पद्धत, मुलांना जंपस्टार्ट. पाऊस, धुकं. बस कराडहून चिपळूणकडे उतरताना कठडा तोडून उलटली.

०२:४७ पोहोचलो. कंट्रोलला कळवलं : १५ च्या वर जखमी, आणखी ३ गाड्या पाठवा.

०२:५० ‘चालता येतंय त्यांनी हेडलाइटकडे या.’ ८ जण आले. टॅग १० ते १७, हिरवा.

०२:५३ टॅग १, चालक, स्टिअरिंगखाली अडकलेला. श्वास ३६. लाल.

०२:५५ टॅग २, स्त्री, साधारण ६०. श्वासमार्ग मोकळा केला, श्वास नाही. काळा.

०२:५७ टॅग ३, पुरुष, ३०. मांडीतून धार, मनगटाची नाडी लागत नाही. लाल. टूर्निकेट ०२:५८, वेळ कपाळावर लिहिली.

०३:०० टॅग ४, मुलगी, ७. श्वास नाही, नाडी आहे. ५ श्वास दिले, स्वतः घेऊ लागली. लाल.

०३:०३ टॅग ७, डोक्याला मार, सांगितलेलं करत नाही. लाल. टॅग ५ (गरोदर, सातवा महिना, श्वास २४, नाडी ठीक), ६, ८, ९ : पिवळा.

०३:०८ एकूण १७ : लाल ४, पिवळा ४, हिरवा ८, काळा १.

०३:२० फेरतपासणी. टॅग १४, मुलगा, २२. मघापासून हाच इतरांना वर ओढत होता. आता घामाघूम, नाडी १३२ आणि बारीक, डाव्या बरगड्यांखाली पोट कडक. हिरवा → लाल. (हिरव्यांना एकदा बघून सोडू नये, परिचारिकेला तिथेच उभं केलं.)
टॅग ३ : नाडी लागते. लालच ठेवला, टूर्निकेट सैल करायचं नाही. टॅग २ : बदल नाही.

०३:३५ गाडी १ : टॅग ४ व १४, कामथे उपजिल्हा रुग्णालय. टॅग ११ मुलीची आई. हिरवी आहे, तरी सोबत पाठवली. रडणारं मूल एकटं पाठवण्यात अर्थ नाही.

०३:४१ टॅग १ बाहेर काढला. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, नाडी नाही. लाल → काळा.

०३:४६ टॅग ५ : पोट सतत ताठ, खालून रक्तस्राव. पिवळा → लाल. डाव्या कुशीवर, ऑक्सिजन.

०३:५२ गाडी २ : टॅग ३ व ५. प्रसूतितज्ज्ञ बोलावून ठेवा, असा फोन केला.
०४:०४ गाडी ३ : टॅग ७ व ६. ६ पिवळाच, पण जागा होती.

०४:२० टॅग १६ आता भानावर येऊन विचारतोय, मामा कुठेत? मामा यादीत नाहीत. चढताना कुणी मोजलंच नव्हतं. पोलीस व गावकरी दोर लावून खाली.

०४:३१ सापडले, २० फूट खाली, करवंदीच्या जाळीत. टॅग १८, पुरुष, ५०. श्वास २८, बोलतात, मनगट मोडलंय, अंग गार. पिवळा. ओले कपडे काढून ब्लँकेट.

०४:४४ परतलेली गाडी १ : टॅग ८, ९, १८. उरलेले ६ हिरवे, पुन्हा तपासून, एसटीने, परिचारिका सोबत.

०४:५५ अखेरची मोजणी १८ : लाल ५, पिवळा ४, हिरवा ७, काळा २. टॅग १ व २ पंचनाम्यासाठी पोलिसांच्या ताब्यात.