रसायनशास्त्र सराव चाचणी, विभाग क : आकृतीवरून कोऑर्डिनेशन संयुगे

गुण : २०     वेळ : ४० मिनिटे

सूचना : आकृत्या काळजीपूर्वक पाहा. उत्तर आकृतीवरूनच काढायचे आहे, पाठ असलेल्या सूत्रावरून नाही. नावे आययूपीएसी पद्धतीने, ऑक्सिडीकरण अंक रोमन आकड्यात कंसात लिहा. गणित दाखवलेले नसेल तर ऑक्सिडीकरण अंकाला गुण नाहीत.

प्रश्न १ (६ गुण)

खालील रचना चौकटी कंसात असून कंसावर + भार आहे. कंसाबाहेर एक Cl⁻ आहे. सारखे अक्षर असलेले दोन N हे –CH₂–CH₂– या साखळीने जोडलेले आहेत; प्रत्येक N वर दोन H आहेत.

```
         Cl
 N(a)    |    N(b)
     \   |   /
        Co
     /   |   \
 N(a)    |    Cl
        N(b)
```

(अ) कंसाबाहेरच्या आयनासह संयुगाचे पूर्ण नाव लिहा. (२)
(आ) Co चा ऑक्सिडीकरण अंक काढा. (१)
(इ) कोऑर्डिनेशन अंक आणि भूमिती सांगा. (१)
(ई) या आयनाची आरशातली प्रतिमा काढा. ती मूळ रचनेवर तंतोतंत बसते का? (१)
(उ) १ मोल संयुगाच्या ताज्या द्रावणात जादा AgNO₃ घातल्यावर लगेच किती मोल AgCl खाली बसेल? (१)

प्रश्न २ (४ गुण)

```
 H3N      NH3
    \    /
      Pt
    /    \
  Cl      Cl
```

रचनेवर भार नाही. चारही बंध कागदाच्याच पातळीत आहेत.

(अ) नाव लिहा. (१)
(आ) Pt चा ऑक्सिडीकरण अंक काढा. (१)
(इ) संकरण आणि भूमिती लिहा. (१)
(ई) याच सूत्राचे दोन वेगळे पदार्थ प्रत्यक्षात मिळतात. रेणू चतुष्फलकीय असता तर किती मिळाले असते? एका वाक्यात कारण द्या. (१)

प्रश्न ३ (५ गुण)

आकृती ‘क’ मध्ये Ni भोवती चार Cl आहेत : दोन बंध साध्या रेषांनी, एक भरीव पाचरीने आणि एक तुटक रेषेने दाखवला आहे. आकृती ‘ख’ मध्ये Ni भोवती चौरसाच्या कोपऱ्यांवर चार CN आहेत आणि Ni शी जोडलेले टोक C चे आहे. दोन्ही कंसांवर 2− भार आहे. आकृती ‘ग’ ची मांडणी ‘क’ सारखीच, पण Cl च्या जागी CO आणि भार शून्य.

(अ) तिन्हींत Ni चा ऑक्सिडीकरण अंक काढा. (१½)
(आ) ‘ख’ चे पोटॅशियम क्षार म्हणून नाव लिहा. (१)
(इ) चुंबकीय क्षेत्राकडे कोणते ओढले जाईल? त्याचा फक्त स्पिनवर आधारित चुंबकीय आघूर्ण काढा. (१½)
(ई) ‘क’ आणि ‘ग’ दोन्ही चतुष्फलकीय असूनही चुंबकीय वर्तन वेगळे का? (१)

प्रश्न ४ (५ गुण)

Fe भोवती तीन ऑक्झलेट कड्या आहेत. प्रत्येक कडी दोन O मधून Fe ला धरते. कंसावरचा भार मुद्दाम छापलेला नाही. कंसाबाहेर तीन K⁺ आहेत. संयुगाचे नाव, Fe चा ऑक्सिडीकरण अंक, कोऑर्डिनेशन अंक, भूमिती आणि अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या लिहा. ऑक्झलेट इथे दुर्बल क्षेत्राचा लिगँड समजा.

किंवा

Co भोवती पाच NH₃ आहेत आणि सहाव्या जागी Co–O–N=O असा बंध काढलेला आहे. कंसावर 2+ भार आहे. आयनाचे नाव, Co चा ऑक्सिडीकरण अंक आणि भूमिती लिहा (३). बंध O ऐवजी N कडून असता तर नावात काय बदलले असते आणि या समघटकतेला काय म्हणतात? (२)

आदर्श उत्तरे आणि तपासनिसासाठी टिपा

१. (अ) सिस-डायक्लोरिडोबिस(इथेन-१,२-डायअमीन)कोबाल्ट(III) क्लोराइड. ‘डायक्लोरो’ आणि ‘इथिलीनडायअमीन’ ही जुनी नावेही चालतील, पण ‘सिस’ गाळल्यास अर्धा गुण कापावा. दोन Cl शेजारी आहेत हे आकृती स्पष्ट सांगते. ‘बिस’ ऐवजी ‘डाय’ लिहिले असेल तरी अर्धा गुण जाईल, कारण लिगँडच्या नावातच ‘डाय’ आहे. (आ) x + 2(0) + 2(−1) = +1, म्हणून x = +3. बाहेरचा Cl⁻ या गणितात पुन्हा मोजणारे दरवर्षी सापडतात. त्यांचे उत्तर +4 येते आणि ते पाहूनही ते थांबत नाहीत. (इ) ६, अष्टफलकीय. ‘४’ लिहिणाऱ्याने लिगँड मोजले आहेत, बंध नाहीत. Co पासून निघालेल्या रेषांवर बोट ठेवून मोजले असते तर सहा मिळाले असते. काही पुस्तकांच्या आकृत्यांत चौरसाच्या कडाही बारीक रेषांनी जोडतात. त्या फक्त खोली दाखवण्यासाठी असतात, बंध नव्हेत. (ई) बसत नाही. आयन प्रकाशीयदृष्ट्या सक्रिय आहे. प्रतिमेत कड्यांच्या जागा बरोबर हव्यात, नुसत्या ‘नाही’ ला गुण नाही. (उ) १ मोल. Co ला चिकटलेले दोन Cl लगेच सुटत नाहीत.

२. (अ) सिस-डायअम्मीनडायक्लोरिडोप्लॅटिनम(II). अम्मीनमध्ये दोन ‘म’. एकाच ‘म’ चा अमीन हा सेंद्रिय गट आहे. (आ) x + 0 + 2(−1) = 0, x = +2. (इ) dsp², चौरस समतल. (ई) एकच, कारण चतुष्फलकात कोणतेही दोन कोपरे एकमेकांच्या शेजारीच असतात. दोन समघटक मिळतात म्हणून रेणू समतल, हे अनुमान आल्फ्रेड वर्नर यांनी १८९३ मध्ये मांडले. एक्स-किरणांनी रचना पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. हाच पदार्थ पुढे सिसप्लॅटिन या नावाने कर्करोगावर वापरात आला आणि त्याचा ट्रान्स समघटक औषध म्हणून कुचकामी ठरला.

३. (अ) क : x − 4 = −2, x = +2. ख : तेच, +2. ग : CO वर भार नाही, म्हणून 0. (आ) पोटॅशियम टेट्रासायनिडोनिकेलेट(II). आयन ऋण असल्याने ‘निकेल’ लिहून भागत नाही, ‘एट’ हवे. (इ) ‘क’. d⁸, sp³, दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन; √(2×4) = 2.83 BM. (ई) ‘ग’ मध्ये Ni(0) चे दहाही इलेक्ट्रॉन 3d मध्ये जोडीने बसतात, म्हणून sp³ असूनही तो डायमॅग्नेटिक. ‘चतुष्फलकीय म्हणजे पॅरामॅग्नेटिक’ असे सरळसोट लिहिणाऱ्याला शून्य. ‘ख’ मध्ये CN⁻ इलेक्ट्रॉनांना जोड्या लावायला भाग पाडतो, तो dsp² आणि डायमॅग्नेटिक.

४. पोटॅशियम ट्रायऑक्झलॅटोफेरेट(III), ‘ट्रिस(ऑक्झलॅटो)’ही ग्राह्य. 3(+1) + x + 3(−2) = 0, x = +3. कोऑर्डिनेशन अंक ६, अष्टफलकीय. d⁵, पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन. कोणी 5.92 BM आपणहून काढले तर वेगळा गुण नाही. ‘आयर्नेट’ लिहिल्यास नावाचा अर्धा गुण कापावा.

किंवा : पेंटाअम्मीननायट्रायटो-κO-कोबाल्ट(III) आयन. x + 0 − 1 = +2, x = +3; अष्टफलकीय. N कडून बंध असता तर नावात κN आले असते. या प्रकाराला बंधन समघटकता म्हणतात. ‘लिंकेज’ लिहिले तरी पूर्ण गुण. N कडचा पिवळा आणि O कडचा लाल असतो; रंग विचारलेला नाही, पण लिहिला आणि उलटा लिहिला तर गुण कापू नयेत.