वाघ्याची प्रथमोपचार पेटी: झाकणाच्या आत चिकटवायचा कागद

वाघ्या, गावठी नर, वजन 18 किलो. पेटी पडवीतल्या कपाटात, वरच्या खणात. पशुवैद्यांचा फोन दिनदर्शिकेच्या मागे लिहिलेला आहे.

पट्टीचा गुंडाळा, 1 मीटर: आधी हाच काढा. दुखत असलं की घरचा कुत्राही चावतो. फास नाकाडावर घ्या, हनुवटीखाली ओढा, टोकं कानांमागे बांधा. उलटी होत असेल, धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही.

सलाइन 500 मिली आणि सुई काढलेली 20 मिलीची सिरिंज: कालवांच्या कपारीवर पंजा कापला की वाळू निघेपर्यंत धार मारा. मग पोव्हिडोन आयोडीन, पाण्यात कोऱ्या चहाइतकं फिकट करून. जखमेत हळद भरू नका, आतलं काही दिसत नाही.

गॉज, कापूस, क्रेप बँडेज: रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून सलग 5 मिनिटं दाबा, मधे उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत. बोटं सुजली, थंड पडली तर पट्टी सोडा.

चिमटा: गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका. गळ मात्र चिमट्याने उपटू नका, त्याला उलटा काटा असतो. गिळला असेल आणि तोंडातून तंगूस लोंबत असेल, तर न ओढता तसाच दवाखान्यात न्या.

थर्मामीटर, व्हॅसलीन: गुदद्वारात 2 सेंमी. 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. 104 च्या वर गेलं तर फोन. उन्हाने धापत असेल तर अंगावर साधं पाणी, वर पंखा, 103.5 ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर ताप खाली जातच राहतो.

किड्यांचा फवारा: पावसात जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. भोवतालचे केस कापून मारा, डोळ्याजवळ नको. फिनेल, पेट्रोल कधीच नाही.

तुरटीची पूड नख खोल कापलं तर. हातमोजे 4 जोड्या, लाळेला हात लागू नये म्हणून. जुनी चादर, उचलून न्यायला.

साप चावला (आपल्याकडे फुरसं, घोणस, मण्यार, नाग) तर पेटी उघडूच नका. आवळून बांधणं, चिरणं नाही. चालवू नका, चादरीत घालून निघा, निघतानाच फोन करा. किनाऱ्यावरचा केंड मासा तोंडात घेतला असेल तरीही तेच.

पेटीत पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ठेवलेली नाहीत आणि ठेवायचीही नाहीत. माणसाच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात.

खाऱ्या हवेने कात्री गंजते, दमटपणाने कापूस कुबट होतो. पाऊस सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळं काढून तारखा बघा, सिलिका जेलच्या पुड्या बदला. सलाइनची बाटली एकदा उघडली की उरलेलं त्याच दिवशी ओतून द्या.