अण्णांच्या सेवानिवृत्तीनिमित्त मनोगत

आदरणीय साहेब, अण्णा, वहिनी आणि माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

अण्णांच्या सेवेचा तपशील प्रास्ताविकात आपण ऐकलाच आहे, त्यामुळे पदे आणि वर्षे यांची उजळणी मी करत नाही. गेली चौदा वर्षे आस्थापना शाखेत माझे टेबल अण्णांच्या टेबलाला लागून आहे. तेथे बसून रोज जे पाहिले, तेवढेच सांगण्यासाठी मी उभी आहे.

कार्यालयाची वेळ पावणेदहाची असली, तरी अण्णा साडेनऊलाच हजर असत. शिपायाची जागा रिकामी होती त्या काळात माठ भरण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आणि जागा भरल्यानंतरही ते सोडले नाही. आधी माठ आतून हाताने चोळून धुवायचा, मग दुहेरी घडी घातलेल्या पांढऱ्या पंचातून पाणी गाळून ओतायचे आणि शेवटी तोच पंचा ओला करून माठाभोवती गुंडाळायचा, हा क्रम मी एक दिवसही चुकलेला पाहिला नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. कार्यालयाची टाकी कोरडी असेल त्या दिवशी अण्णांच्या स्कूटरवर घरून आणलेला कॅन बांधलेला असे. आज ३१ मे आहे. या उन्हात चालत येणाऱ्या माणसाला त्या पाण्याचे मोल काय वाटत असेल, हे आपण सर्वजण जाणतो. आलेल्या माणसाला आधी पाणी आणि मग काम विचारायचे, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि कार्यालयात मराठी, अशा तिन्ही भाषा अण्णांना सारख्याच सहज येतात. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामासाठी एक वृद्ध बाई पूर्व भागातून आमच्याकडे येत असत. त्यांना मराठी जेमतेम समजे आणि कागद अपुरे असल्यामुळे त्यांना दोनदा परत जावे लागले होते. तिसऱ्या वेळी अण्णांनी त्यांना आपल्या शेजारी खुर्ची दिली, तेलुगूत सारे ऐकून घेतले आणि एक जुने पाकीट उलगडून त्याच्या कोऱ्या बाजूवर लागणाऱ्या कागदांची यादी ठळक अक्षरांत लिहून दिली. त्यांची नात पाचवीत आहे, तिला वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी काढली, असे त्यांनी मला नंतर सांगितले. अशा उलगडलेल्या पाकिटांचा गठ्ठा त्यांच्या खणात कायम असे. पुढच्या खेपेस त्या बाई एकही कागद न विसरता आल्या.

आता माझ्याविषयी एक गोष्ट, जी अण्णांनी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी वेतन देयकात माझ्या हातून एका चालकाच्या कर्जाचा हप्ता दोनदा वजा झाला. त्यांच्या मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आले होते. चूक लक्षात आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मला रडू आवरत नव्हते. अण्णांनी निघण्यासाठी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि एवढेच म्हणाले, ‘‘ताई, आधी पुरवणी देयक करू.’’ रात्री आठपर्यंत ते माझ्यासोबत बसले, दुसऱ्या दिवशी स्वतः देयक घेऊन कोषागारात गेले आणि त्या चालकांना भेटायलाही माझ्याबरोबर आले. पुढे या गोष्टीचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही. आज तो मी करते आहे, कारण मी या खुर्चीवर टिकून राहिले ते त्या संध्याकाळमुळे.

दीड वाजताच्या डब्याविषयी बोलले नाही, तर शाखेतील कोणीच मला क्षमा करणार नाही. वहिनी, तुमच्या हातची शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आम्ही इतकी वर्षे हक्काने खाल्ली. एखादा डबा न आणता टेबलाशीच काम करत बसला, तर अण्णा काही न विचारता त्याच्या फायलीशेजारी कागदावर भाकरीचा तुकडा आणि चटणी ठेवून येत. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा हप्ता थकला आहे, हे त्यांना डब्यावरून कळत असे आणि त्यांच्याकडून ते दुसऱ्या कोणाला कधी कळत नसे.

अण्णा, तुमचे निवृत्तिवेतन प्रकरण मी स्वतः तयार केले आहे. तुम्हाला पुढे काय काय लागेल, त्याची यादी तुमच्याच खणातील एका पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिली आहे आणि ते पाकीट मी वहिनींच्या हाती देत आहे. त्यात शेवटी हयातीच्या दाखल्याची नोंद आहे. तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, हे तुम्हीच शेकडो लोकांना सांगितले आहे. त्या दिवशी बँकेतले काम आटोपले की दीडच्या आत शाखेत या. माठ भरलेला असेल आणि डबा मी दोघांचा आणीन.