साहेब, एक सांगायचं राहून गेलं होतं

साहेब, नमस्कार.

मेसेज लांब आहे. हीट चालू असताना उघडला असेल तर तसाच ठेवा, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

काल पहाटे कोल्हापूरला आले. सांगली फाट्याला जाग आली, शिरोलीचे दिवे दिसले आणि झोपेतच बॅग उचलून मी उतरायला निघाले. कंडक्टर म्हणाला, "ताई, स्टँड अजून लांब आहे." आठ महिने झाले कंपनी सोडून, पण पायांना अजून पत्ता लागलेला नाही.

फेब्रुवारीत निघताना तुमच्या केबिनमध्ये पेढे ठेवले, "थँक्यू साहेब" म्हणाले आणि बाहेर पडले. आत अकाउंट्सवाले बसले होते, फर्नेसवरून फोनवर फोन येत होते. बोलायला सवडच नव्हती. आणि खरं सांगू का, तेव्हा नक्की कशासाठी आभार मानायचे हेही मला नीट कळलं नव्हतं. ते गेल्या महिन्यात कळलं, आणि तेही माझ्या हातून चूक झाल्यावर.

तिकडं चाकणला माझ्या हाताखाली चौघं आहेत. त्यातलं एक पोरगं, नुकताच डिप्लोमा झालेलं. कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेल्या गेजवर त्यानं बोअर तपासले आणि लॉट पास केला. साठ पार्ट कस्टमरकडून परत आले. मी काय केलं असेल? जागेवर बसून मेल लिहिला, त्यात त्याचं नाव टाकलं, वरच्या तिघांना कॉपी ठेवली आणि पाठवून दिला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानंतर पोरगं माझ्या टेबलाच्या बाजूनं जायचंच बंद झालं. तिसऱ्या दिवशी एका पार्टबद्दल त्याला शंका होती, तर मला विचारायचं सोडून त्यानं तो गुपचूप पुढं सरकवला.

त्या रात्री मला आपला ब्रॅकेटचा लॉट आठवला. तुम्ही विसरला असाल, मी कशी विसरणार? मला लागून वर्ष झालं नव्हतं. एसजी आयर्नची ती हीट होती, मोल्डिंग लाईन मध्येच अडकली आणि लॅडल थांबून राहिली. मी मायक्रोचा नमुना घेतला तो पहिल्या बॉक्समधून, कारण तो हाताशी होता आणि लवकर थंड झाला होता. नोड्युलॅरिटी छान आली, मी सही केली. मॅग्नेशियम वेळेबरोबर उतरत जातं, म्हणून नमुना शेवटच्या बॉक्सचा घ्यायचा, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. पाठ केलेलं शॉपवर किती उपयोगी पडतं, ते त्या दिवशी समजलं.

कस्टमरकडून फोन आला तेव्हा तुम्ही मला आत बोलावलंत आणि दार लावलंत. अर्धा तास झापलंत. (दार लावलं होतं म्हणून बरं, एरवी तुमचा आवाज फेटलिंगपर्यंत जातो.) मग टेबलाच्या खणातून ती छोटी हातोडी काढलीत आणि म्हणालात, "चल, आता ऐकायला शिक." रात्री साडेअकरापर्यंत आपण स्टॉकमधलं एकेक ब्रॅकेट टांगून वाजवत होतो. चांगलं असेल तर टण्ण करून आवाज लांबत जायचा, बिघडलेलं असेल तर ठप्प. बाजूला काढलेले सगळे सकाळी अल्ट्रासॉनिकला लावले, तेव्हा तुमच्या कानाचं फक्त दोन ठिकाणी चुकलं होतं. माझं किती ठिकाणी चुकलं ते लिहीत नाही.

पण आज लिहायचंय ते त्याच्या पुढचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः कस्टमरकडे गेलात. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. घरी आईला सांगूनही टाकलं होतं. आठवड्यानं फायलिंग करताना तुमचा रिपोर्ट हाताला लागला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, नमुना कोणत्या बॉक्समधून घ्यायचा हे आमच्या कामाच्या सूचनेत नमूद नव्हतं. माझं नाव कुठंच नाही. उपाय म्हणून शेवटच्या बॉक्सवर खडूनं फुली मारायची आणि त्याच फुलीचा नमुना लॅबला द्यायचा. खाली सही तुमची.

तेव्हा मला वाटलं, साहेबांनी मला वाचवलं. एवढंच वाटलं. तुम्ही खोटंही लिहिलं नव्हतं, सूचनेत खरंच ते नव्हतं, हे लक्षात यायला मला चाकणला जाऊन एका पोराला तोंडघशी पाडावं लागलं. त्या लॉटनंतर मी तीन वर्षं तुमच्याकडे होते. शंका आली की पहिल्यांदा तुमच्याच केबिनकडे यायची. रात्री दहाला फोन केला तरी तुम्ही "बोल गं, काय झालं?" एवढंच म्हणायचात. हे माझ्या धाडसानं होत नव्हतं, साहेब.

दुसऱ्या दिवशी मी परत मेल केला, त्याच तिघांना. तारीख संपलेला गेज लाईनवर राहिला कसा, ते बघायचं काम माझं होतं, असं लिहिलं. पोराला बोलावून दार लावलं आणि आधी झापलं, मग मेल दाखवला. तो "हो मॅडम" म्हणाला आणि गेला. अजून मोकळा बोलत नाही. बघू.

तुमचे आभार त्या रिपोर्टसाठी. आणि राजीनाम्याचा कागद घेऊन आले तेव्हा तुम्ही पेन काढून त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका दुरुस्त केल्यात, त्यासाठीही. "जाणारच आहेस तर कागद तरी नीट घेऊन जा," म्हणालात. मी बाहेर येऊन हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले, हे पाटीलकाकांनी तुम्हाला सांगितलंच असणार. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशीच हातात मिळालं, हे ऐकून तिकडच्या लोकांचा विश्वास बसत नाही.

बाकी बरं चाललंय. कामाला मशीन चांगल्या आहेत, मिसळ मात्र गोड लागते. मी बोलता बोलता "आलो", "गेलो" म्हणाले की सगळे वळून बघतात, मुलगी अशी काय बोलते म्हणून. आता मुद्दाम तसंच बोलते. तुम्ही निघताना दिलेली हातोडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तिकडं कास्टिंग तयार होऊन येतात, तरी येणाऱ्या लॉटमधले दोन-चार वाजवून बघते. एकदा ठप्प आवाज आला होता. ती गोष्ट भेटल्यावर सांगते, कारण त्यात सप्लायर आपल्याच शिरोलीचा आहे आणि तुम्ही त्यांना ओळखता.

सोमवारी रात्रीच्या गाडीनं परत जायचंय. रविवारी अकराच्या सुमारास घरी असाल तर येऊन जाते. काकूंना जेवणाचं काही करू नका म्हणून सांगा, आईनं आधीच पांढऱ्या-तांबड्याचा बेत ठरवलाय. घरी नसाल तर सोमवारी सकाळी गेटबाहेर चहाच्या गाडीवर थांबते, आठला तुम्ही तिथं असताच.

आणि एक विचारायचं होतं. शेवटच्या बॉक्सवर फुली अजून मारतात ना?

तुमची,
स्नेहल