चार मात्रा आत

गुहागरच्या व्याडेश्वराच्या देवळात उत्सव होता. तबला वाजवणाऱ्यांत तिसरं नाव आपलं, हे कळल्यापासून सोहमचे तळवे ओले झाले होते. टाल्कम पावडर लावली तरी टिकेना.

"आजी, मला कायदा आठवतच नाहीये. मी नाही वाजवत."

आजीने त्याला सभामंडपातून बाहेर, दीपमाळेपाशी नेलं. वारा खारा होता. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ठेवला.

"कायदा राहू दे. त्रिताल येतो ना? मी ठेका धरते. पहिल्या चार मात्रांना नाकाने श्वास घे. पुढच्या आठांना सोड, चुलीत फुंकणीने फुंकतो तसा, बारीक. शेवटच्या चारांना काहीच करायचं नाही."

"धा धिं धिं धा..." आजीची बोटं त्याच्या मनगटावर मोजत राहिली. पहिल्या आवर्तनात श्वास नवव्या मात्रेपर्यंतही पुरला नाही.

"जास्त ओढून घेतोस म्हणून. थोडाच घे रे बाबा, सोडताना घाई नको. श्वास लांबवून सोडला की छातीची धडधडही उतरते."

दुसऱ्यांदा तो नवव्या मात्रेच्या पुढे गेला. मग आजीने लय किंचित उतरवली. तो तिच्याबरोबर उतरला. खांदे खाली आले. तळवे अजून ओलेच होते, पण बोटं थरथरत नव्हती.

आतून नाव पुकारलं.

"भीती वाटत्येच अजून," सोहम म्हणाला.

"वाटू दे. बसलास की आधी एक आवर्तन श्वासाचं, मग हात."

तो दोन पायऱ्या चढला आणि वळला. "आजी, हातोडी तुझ्या पिशवीत राहिली, दे लवकर!"