सोमवारी चारच लॉट

शनिवार सकाळ. सोमवारी टर्मिनल उघडण्याआधी हे पूर्ण वाच. नऊ वाजता नाही, साडेआठला. प्री-ओपन सुरू झाला की डोकं वाचत नाही, फक्त हिरवा-लाल बघतं.

आठवड्याचा हिशोब असा. 11 ट्रेड, 8 नफ्यात, 3 तोट्यात. सगळे निफ्टी ऑप्शनचे, ऍट-द-मनी, 4 लॉट म्हणजे 260 क्वांटिटी. एकूण 1,11,020, त्यातून ब्रोकरेज-एसटीटी वगैरे 1,900 वजा, हातात 1,09,120. भांडवल 8,00,000 वरून 9,09,120 झालं. म्हणजे 13.6 टक्के, एका आठवड्यात.

आणि आता मनात काय चाललंय ते लिहून ठेव, म्हणजे सोमवारी ते नवीन वाटणार नाही: "आता बाजार समजायला लागलाय. चार लॉटवर एवढं, तर दहा लॉटवर किती झालं असतं?" हा प्रश्न शुक्रवारी दुपारपासून सुरू आहे. त्याचं उत्तर भावनेने द्यायचं नाही, जर्नल उघडून द्यायचं.

जर्नलमधली पहिली गोष्ट. बुधवारचा 147 पॉइंटचा कॉल आणि गुरुवारचा 121 पॉइंटचा, या दोन ट्रेडचे मिळून 69,680. आठवड्याच्या कमाईतला 63 टक्के हिस्सा दोन ट्रेडचा, आणि दोन्ही दिवस बाजार सकाळपासून एकाच दिशेने चालला. उरलेल्या नऊ ट्रेडचे 41,340. चांगलेच आहेत, पण त्यांच्याकडे बघून कुणाला दहा लॉट सुचले नसते. एकतर्फी दिवस मागून मिळत नाही, तो आला की चार लॉटवर बसून राहायचं एवढंच आपल्या हातात असतं.

दुसरी. या आठवड्याआधीच्या 140 ट्रेडमध्ये जिंकण्याचं प्रमाण 46 टक्के. सरासरी नफा 51 पॉइंट, सरासरी तोटा 32. यावरून एका ट्रेडमागे सरासरी 6 पॉइंटच्या आसपास सुटतात, 260 क्वांटिटीवर साधारण 1,600 रुपये. अकरा ट्रेडचा नेहमीचा आठवडा खर्च वजा जाता 15,700 च्या आसपास असायला हवा. हा आठवडा त्याच्या सातपट आहे. पद्धत तीच, एंट्री तीच, स्टॉप तोच. सातपट हुशारी पाच दिवसांत येत नाही. 46 टक्के जिंकणाऱ्या पद्धतीत 11 पैकी 8 किंवा त्याहून जास्त नफ्यात जाणं हे निव्वळ संभाव्यतेच्या हिशोबानेही 7 टक्के वेळा घडतं, म्हणजे साधारण चौदा आठवड्यांतून एकदा. तो एक आठवडा आत्ता येऊन गेला, एवढंच सिद्ध झालंय.

त्याच हिशोबाची दुसरी बाजू. सलग चार तोटे येण्याची शक्यता 0.54 चा चौथा घात, म्हणजे साडेआठ टक्के. जवळपास तेवढीच. चार लॉटवर सलग चार तोटे म्हणजे 33,280. टोचतील, पण खातं उभं राहील. दहा लॉटवर तेच 83,200. सहावा तोटा पूर्ण व्हायच्या आत या आठवड्याची सगळी कमाई साफ. अकरा ट्रेडने मिळवलेलं सहा ट्रेडमध्ये परत, तेही पद्धतीत काहीही न बिघडता. नफा लहान आकाराने कमवायचा आणि तोटा मोठ्या आकाराने सोसायचा, असं झालं की जिंकणारी पद्धतसुद्धा वर्षाअखेर तोटा दाखवते. सेबीच्या जुलै 2025 च्या अहवालात 2024-25 मध्ये इक्विटी डेरिव्हेटिव्हमधले 91 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला असा आठवडा आलाच असणार.

आता आकाराचं गणित, नीट, कारण इथे एक चूक सापडली आहे.

नियम एक टक्क्याचा: एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त जोखीम नाही. स्टॉप 30 पॉइंट, लॉट 65, म्हणून एका लॉटची जोखीम 1,950 धरत आलो. पण या आठवड्यातले तीन तोटे बघ: 30, 32 आणि 34 पॉइंट. सरासरी 32. कारण उघड आहे. ऑप्शनमध्ये एसएल-मार्केट ऑर्डर एनएसईने 2021 मध्येच बंद केली, त्यामुळे ट्रिगर आणि त्याच्या खाली 5 पॉइंटवर लिमिट, अशीच ऑर्डर लागते. भाव वेगाने खाली आला की ट्रिगरच्या खाली दोन-चार पॉइंटवर सुटका होते, आणि एखाद्या दिवशी भाव लिमिटलाही ओलांडून जातो, मग हाताने बाहेर पडावं लागतं. म्हणून एका लॉटची खरी जोखीम 32 गुणिले 65, म्हणजे 2,080.

या आकड्याने 8,00,000 वर एक टक्का म्हणजे 8,000 भागिले 2,080, उत्तर 3.85. म्हणजे तीन लॉट. गेला आठवडा आपण नियमापेक्षा एक लॉट जास्त घेऊन खेळलो आणि नफा झाला म्हणून ते दिसलं नाही. तोटा झाला असता तर हीच चूक पहिल्या दिवशी पकडली असती.

आजच्या 9,09,120 मधून ऍडव्हान्स टॅक्सच्या पुढच्या हप्त्यासाठी 35,000 बाजूला काढ. एफ अँड ओचं उत्पन्न धंद्याचं उत्पन्न आहे, ही रक्कम आपली नाहीच. राहिले 8,74,120. एक टक्का 8,741, भागिले 2,080, उत्तर 4.2. चार लॉट. या अख्ख्या आठवड्याच्या नफ्याने एवढंच केलं की चार लॉट आता नियमात बसतात. पाचव्या लॉटला 10,40,000 लागतात. भांडवल 13.6 टक्के वाढलं, आणि चारचे दहा करणं म्हणजे आकार 150 टक्के वाढवणं. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की वेगळं काही समजावायला लागत नाही.

"नफ्याचेच पैसे आहेत, गेले तर गेले" हे वाक्य डोक्यात आलं तर लगेच ओळख. खात्यात नफ्याच्या नोटा वेगळ्या रंगाच्या नसतात. शुक्रवारी साडेतीनला तो नफा होता, त्यानंतर ते भांडवल आहे.

बुधवारचा ट्रेड जर्नलमध्ये परत उघड. एंट्री 162. पहिल्या नऊ मिनिटांत प्रीमियम 141 ला आला, स्टॉप 132 ला. चार लॉटवर पडद्यावर उणे 5,460 दिसत होते आणि स्टॉपला हात लागला नाही. मग दुपारी 309. दहा लॉटवर त्याच क्षणी उणे 13,650 दिसले असते. तेवढा आकडा आजवर एका ट्रेडमध्ये सोसलेला नाही. एक तर 141 लाच घाबरून कापलं असतं, नाही तर स्टॉप खाली सरकवला असता. वर जाताना 190-195 ला "वीस हजार तर घे" म्हणून निघालो असतो. दहा लॉटवर दर दहा पॉइंटला 6,500 हलतात, नजर चार्टवरून उठून एमटूएमवर जाते. "दहा लॉटवर 95,550 झाले असते" हा हिशोब म्हणूनच खोटा आहे. 147 पॉइंट मिळाले ते चार लॉट होते म्हणून.

मंगळवार एक्सपायरी, तिथे सापळा वेगळा आहे. दुपारी दीडनंतर ऍट-द-मनी प्रीमियम 40 च्या आसपास आला की दहा लॉटला 26,000 च लागतात, आणि ते सोमवारच्या चार लॉटच्या 41,600 पेक्षा कमी दिसतात. पण तिथे 30 पॉइंटचा स्टॉप नावापुरता असतो, तो प्रीमियम शून्यावर जातो. एक्सपायरीला पूर्ण प्रीमियम हीच जोखीम धरायची: एका लॉटला 40 गुणिले 65, म्हणजे 2,600. 8,741 भागिले 2,600, म्हणजे तीन लॉट. त्या दिवशी चारसुद्धा नाहीत.

इंडिया व्हीआयएक्स वर गेला आणि ऍट-द-मनी प्रीमियम 220 ला पोचला तर 30 चा स्टॉप गोंगाटातच उडतो. स्टॉप 40 कर, घसरण धरून 42, मग लॉट तीन. आकार नेहमी स्टॉपवरून निघतो.

3 आणि 4 जून 2024 आठव. एक्झिट पोलनंतर सोमवारी निफ्टी 733 पॉइंट वर, 23,263.90 ला बंद. मंगळवारी मतमोजणी, 1,379 पॉइंट खाली, 21,884.50. ज्यांनी सोमवारचा नफा बघून त्याच दिशेने रात्रीचा माल वाढवला, त्यांना सकाळी स्टॉप लावायला भावच मिळाला नाही. आपण रात्री पोझिशन ठेवत नाही. मोठ्या आठवड्यानंतर हाही नियम ढिला करावासा वाटतो, म्हणून इथे लिहिलं.

आज करायची कामं. ट्रेडिंग खात्यात 60,000 ठेवून बाकी बँकेत काढ. 160 च्या प्रीमियमला 60,000 त पाच लॉट बसतात, दहा बसत नाहीत, ऑर्डरच नाकारली जाईल. खात्याबाहेरची रक्कम लिक्विडबीजमध्ये ठेवून तारण दिली तरी चालेल, कारण तारणावरचं मार्जिन ऑप्शन विकत घ्यायला वापरता येत नाही. टर्मिनलमध्ये डिफॉल्ट क्वांटिटी 260 सेव्ह कर. सलग दोन तोटे झाले की किल स्विच, दुसऱ्या दिवशीच परत सुरू.

पाचवा लॉट कधी: महिनाअखेरीला, आठवड्याअखेरीला नाही, टॅक्स बाजूला काढून भांडवल 10,40,000 च्या वर असेल, आणि आजपासून चार लॉटवर किमान 40 ट्रेड झालेले असतील तर. तेव्हा चारचे पाच, सहा नाहीत. पाचवर गेल्यावर भांडवल 9,80,000 च्या खाली आलं तर न कुरकुरता परत चार.

लहानपणी श्रावणातल्या कहाण्यांत ऐकलेलं आहेच: उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. आपला वसा एक टक्क्याचा आहे.

सोमवारी पहिली ऑर्डर टाकताना क्वांटिटीच्या रकान्यात 260 आहे का बघ, मोठ्याने वाच, मग बटण दाब.